रात्रीची चूल विझवू नका : आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

माननीय व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काम करतो. कॉम्प्रेशन विभागात, रात्रपाळीला. कारखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आपली बदनामी करण्यासाठी हे पत्र नाही. ते उघडपणे लिहितोय, कारण गेल्या पंधरवड्यात दोन अर्ज दिले आणि दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. शिवाय वेर्णा असो, पिळर्ण असो की डिचोली, गोव्यात रात्री जागून पोट भरणारे हजारो लोक आहेत आणि हा प्रश्न आमच्या एका फाटकाच्या आतला नाही.

सूचनाफलकावर आपण कागद लावलात : येत्या एक तारखेपासून रात्रीचं स्वयंपाकघर बंद. बाहेरच्या पुरवठादाराकडून डबे येतील, फ्रिजमध्ये राहतील, दोन मायक्रोवेव्ह आणि एक चहाचं मशीन बसवलं जाईल. कारणं दोन दिलीत. रात्रीची ताटं कमी, त्यामुळे खर्च परवडत नाही, हे एक. आणि दुसरं, आपल्याच शब्दांत, ‘कॅन्टीनमध्ये गप्पांत होणारा वेळेचा अपव्यय’.

पहिल्या कारणावर बोलता येईल, हिशेब मांडता येईल. दुसरं वाचलं तेव्हा मात्र मी फलकासमोर बराच वेळ उभा राहिलो. कारण त्या गप्पा मारणारा माणूस मीच आहे. आणि ज्यांच्याशी मारतो, ते रात्रीचे आचारी, ज्यांना सगळा कारखाना ‘मामा’ म्हणतो.

म्हणून आधी त्या गप्पांचं सांगतो.

मी साखळीचा. माझ्या वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. पहिल्या पावसात टायरांच्या भोवती गवत आलं. पुढे तो विकला, कर्ज राहिलं, आणि मी या कारखान्यात लागलो. २०१९ मध्ये आईला अर्धांगवायू झाला. बायको दिवसा कामाला जाते, दिवसा घरी कुणीतरी हवंच होतं, म्हणून मी स्वतःहून कायमची रात्रपाळी मागून घेतली. आपण ती दिलीत, त्याबद्दल मी आजही आभारी आहे.

रात्रपाळीचा त्रास झोपेचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. झोपेचा आहेच. पण त्याहून मोठा त्रास असा की माणसाचं बोलणं हळूहळू संपतं. मी घरी पोचतो तेव्हा बायको डबा भरत असते, मुलगी शाळेच्या गडबडीत असते. आईची वाचा गेलेली. संध्याकाळी सगळे घरी येतात तेव्हा मी निघायच्या तयारीत. मशीनपाशी तर बोलणं नाहीच. तोंडावर मास्क, कानात बोळे, आणि दर अर्ध्या तासाने वीस गोळ्या तोलून नोंद करायची. अशा पहिल्या सहा महिन्यांत एकदा घरी फोन वाजला, मी उचलला, आणि ‘हॅलो’ म्हणायला घसा साफ करावा लागला. दिवसभरात तो माझा पहिला शब्द होता आणि दुपारचे चार वाजले होते.

मामांशी ओळख त्याच दिवसांतली. वाढायच्या खिडकीपलीकडून त्यांनी विचारलं, “बाब, तू कुठला?” मी साखळी म्हटलं. “कुणाचा?” वडिलांचं नाव सांगितलं तसं त्यांनी पळी खाली ठेवली. खाणी चालू होत्या तेव्हा मामांचा रस्त्याकडेला गाडा होता. ट्रकवाले पहाटेच्या आधी येऊन भरणीच्या रांगेत लागायचे आणि रांग हलेपर्यंत मामांच्या गाड्यावर पेज प्यायचे. माझे वडीलही त्यांतलेच. “तुझा बापूस तोर आधी खायचा, पेज मागून,” मामा म्हणाले. तोर म्हणजे खारवलेली कैरी. ही सवय आमच्या घरात फक्त आईला आणि मला माहीत होती. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

त्या रात्रीपासून आमचं बोलणं सुरू झालं. फार मोठं काही नाही. खाणी थांबल्यावर गाडाही थांबला, मग त्यांनी कुठेकुठे कामं केली. सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या गावी काजूला यंदा मोहोर कसा आहे. माझ्या मुलीला गणितात किती पडले. आईने आज डाव्या हाताची बोटं हलवली की नाही, हे तर ते रोज विचारतात आणि उत्तर ऐकायला हातातलं काम थांबवतात. मी लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरणारा भक्त, आहे. शिरगावच्या जत्रेआधी व्रताचे दिवस असतात तेव्हा मामा माझ्यासाठी वेगळं भांडं घासून ठेवतात आणि माझं जेवण इतरांच्या आधी शिजवतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता ‘वेळेचा अपव्यय’ किती, तेही सांगतो. पाळी दहाला सुरू होते. सुट्टी ३० मिनिटांची आहे आणि आम्ही साठ जण दोन तुकड्यांत जातो, एक तुकडी दोनला, दुसरी अडीचला. सुट्टीची घंटा झाली की आधी बदलखोलीत गाऊन, टोपी, बूटकव्हर उतरवायचं, हातपाय धुवायचे : पाच-सहा मिनिटं. कॅन्टीनपर्यंत चालत तीन. परत यायला तीन, आणि पुन्हा सगळं अंगावर चढवून, हात निर्जंतुक करून आत शिरायला पाचेक. ही सतरा मिनिटं गेली. जेवायला उरतात तेरा. त्या तेरा मिनिटांत मी जेवतो आणि मामांशी बोलतो, दोन्ही एकाच वेळी. अकरा वर्षांत माझ्या नावावर उशिरा परतल्याची एक नोंद नाही, आपण हजेरीपट तपासावा.

हे तेरा मिनिटांत जमतं कसं, तर मामांमुळे. उकड्या तांदळाची पेज चुलीवरून उतरवली की इतकी कढत असते की दहा मिनिटं तोंडाला लावता येत नाही. म्हणून ते सव्वादोनलाच दुसऱ्या तुकडीची तीस ताटं ओट्यावर मांडतात आणि पेज वाढून ठेवतात. आम्ही पोचेपर्यंत ती पिण्याजोगी होते, वर पातळशी साय धरलेली. बाजूला खारातली तोर, एक भाजी, बुधवारी किंवा शुक्रवारी सुक्या सुंगटांची किसमूर. मी एकदा विचारलं होतं की रात्री शीत-कडी, म्हणजे भात आणि कालवण, का नाही करत. त्यांनी सांगितलं, ट्रकवाल्यांना पाहून शिकलो : मध्यरात्रीनंतर पोटभर शीत-कडी खाल्लेला माणूस चाकावर पेंगतो, पेज प्यालेला पेंगत नाही. मला हे पटतं, कारण मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान दिवसभरातलं सर्वांत कमी असतं, झोप सर्वांत जोरात ओढते, आणि रात्री खाल्लेलं जड अन्न शरीराला दिवसासारखं जिरवता येत नाही. अडीचला काय खाल्लं यावर साडेचारच्या नोंदी कशा होतात ते ठरतं. साडेचारला मशीन मीच चालवत असतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली डब्यांची. गेल्या महिन्यात मामा गावी गेले होते तेव्हा तीन रात्री आपण हीच नवी पद्धत चालवून पाहिलीत. त्या तीन रात्री काय झालं हे कुणी आम्हाला विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो. डबे रात्री नऊला आले आणि फ्रिजमध्ये गेले. अडीचला तीस माणसं दोन मायक्रोवेव्हसमोर उभी. फ्रिजमधला गार डबा धड गरम व्हायला अडीच मिनिटं लागतात. तेरा मिनिटांत एका मायक्रोवेव्हचे पाच डबे होतात, दोन्हींचे मिळून दहा. पहिल्या दहांनाही सगळा वेळ नव्हताच, कारण दहावा डबा बाहेर आला तेव्हा परतायची वेळ झाली होती. मागच्या लोकांनी गार भात खाल्ला किंवा बिस्किटं खाऊन चहा घेतला. कुणी घाईने दीड मिनिटातच डबा काढला, तर कडेचा भात वाफाळता आणि मधला गोळा बर्फासारखा. तिसऱ्या रात्री मी कचऱ्याच्या बादलीत न उघडलेले डबे मोजले. अकरा होते. आणखी मायक्रोवेव्ह आणले तर रांग कमी होईल, हे मान्य. पण मग खर्चाचा जो हिशेब आपण मांडला आहे तो पुन्हा मांडावा लागेल, आणि त्यात फेकलेले डबेही धरावे लागतील.

दुसरी तक्रार, निर्णय कसा झाला याची. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४६ ने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीनची अट घातली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा आकडा शंभरावर आणला आहे आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले आहेत. आपण तिन्ही पाळ्या मिळून तीनशेच्या वर आहोत. कलम ४६ मध्ये दिवसाचा कामगार आणि रात्रीचा कामगार असा भेद केलेला नव्हता. कॅन्टीनच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, ही कल्पनाही त्याच कलमात होती. आपल्याकडे कॅन्टीन समिती आहे, तिची यादी फलकावर लावलेली आहे. पण या निर्णयाआधी तिची बैठक झाली नाही. झाली असती तरी त्या यादीत रात्रपाळीचा एकही माणूस नाही. डबे, मायक्रोवेव्ह, मशीन हे सगळं दिवसा जेवणाऱ्या माणसांनी रात्री जेवणाऱ्यांसाठी ठरवलं.

तिसरी तक्रार मामांची, आणि ती मांडायला त्यांनी मला सांगितलेलं नाही. ते सांगणारही नाहीत. ते कंत्राटदाराकडे आहेत. एक तारखेपासून काय, हे त्यांना तोंडी कळवलं गेलं, तेही कंत्राटदाराच्या मुलाकडून, फाटकापाशी. त्यांचं वय सत्तावन्न. खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांचा धंदा एकदा बुडाला आहे. आता दुसऱ्यांदा तेच होणार असेल तर निदान लेखी कळवा आणि समोर बसवून कळवा. सहा वर्षं त्यांनी साठ माणसांना रात्री उपाशी ठेवलेलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत बाकीच्या दुनियेची कामं थांबली तरी गोळ्यांचे कारखाने चालूच होते, आणि बसगाड्या बंद असताना मामा ओळखीच्या दूधगाडीत बसून यायचे.

चौथी गोष्ट तक्रार नाही, घडलेली हकीकत आहे. फलकावरच्या त्या दोन शब्दांना माझं उत्तर म्हणून ती सांगतो. ती मी घरी बायकोलाही पुरती सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आईला बांबोळीच्या इस्पितळात दाखल केलं होतं. लागोपाठ दोन दिवस मी दिवसा तिच्या खाटेशी आणि रात्री मशीनवर. रजा मागायला हवी होती, पण उरलेल्या रजा मी पुढच्या उपचारांसाठी राखून ठेवत होतो. दुसऱ्या रात्री अडीचला जेवायला गेलो. मामांना विचारलं, “आज तोर आहे?” ते म्हणाले, “आहे की.” थोडं बोलणं झालं आणि मी पुन्हा विचारलं, “मामा, आज तोर आहे?” तोर माझ्या ताटात होती. अर्धी खाल्लेली. माझ्या बोटांना तिचं खारं पाणी लागलेलं होतं.

मामा काही बोलले नाहीत. खिडकीमागून बाहेर आले, माझ्यासमोर बसले आणि माझे डोळे बघितले. मग म्हणाले, “आयज चावी हांगा दवर.” बाईकची चावी इथे ठेव. मी हसलो, म्हणालो की मी ठीक आहे. त्यांनी हात पुढे केलेला तसाच ठेवला. मी चावी दिली. मग ते स्वतः पाळीप्रमुखांकडे गेले आणि या माणसाच्या नोंदी आज दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, असं सांगून आले. आचाऱ्याने असं सांगावं याचा प्रमुखांना राग आला असता तर तोही त्यांचा हक्क होता, पण त्यांनी ऐकलं. तपासणीत माझी एक नोंद चुकलेली सापडली. वजन बरोबर होतं, मी ते दुसऱ्या वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं. ती चूक प्रक्रियेनुसार तिथेच, सहीसकट दुरुस्त झाली. बॅच पुढे गेल्यावर ती सापडली असती तर चौकशी लागली असती आणि माल अडकला असता.

सकाळी सहाला मामांनी मला कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसवलं. माशेल कधी आलं मला आठवत नाही. खांडोळ्याहून आमोण्याच्या पुलावर बस चढली तेव्हा धक्क्याने जाग आली. मांडवीवर धुकं इतकं दाट होतं की पुलाचा कठडा दिसत नव्हता. रोज त्या वेळी मी त्याच पुलावर बाईकवर असतो.

दोन प्रश्नांतलं अंतर तीन-चार मिनिटांचं होतं. एक माणूस माझ्याशी बोलत होता म्हणून ते त्याच्या लक्षात आलं. रोज बोलत होता म्हणून त्याला माझं नेहमीचं बोलणं ठाऊक होतं. चहाचं मशीन बटण दाबलं की चहा देतं, तेच बटण दोनदा दाबलं तर दोनदा देतं.

आपण म्हणाल, ही एका कामगाराची गोष्ट झाली. तर दुसऱ्या तुकडीतल्या कुणालाही विचारा. पॅकिंगमधल्या एका मुलाने नोकरी सोडायचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता, तो त्याने आधी मामांना वाचून दाखवला आणि मग दिला नाही. सुरक्षारक्षकांपैकी एक जण आसामचा आहे, त्याला मराठी-कोकणी येत नव्हती. त्याच्याशी मामा ताटातल्या एकेका पदार्थाचं नाव घेत बोलायला लागले आणि आज तो आमच्याइतकंच कोकणी बोलतो. पाळीप्रमुखही आमच्या आधी येऊन त्याच खिडकीशी उभे राहतात, हे लिहिल्याबद्दल त्यांनी मला माफ करावं.

खर्चाचं आपलं म्हणणं मी नाकारत नाही. साठ ताटांसाठी दोन माणसं आणि गॅस, हे दिवसाच्या मानाने महाग पडत असणार. त्यावर आम्ही रात्रपाळीच्या लोकांनी बसून विचार केला आणि बेचाळीस जणांनी सह्या केल्या. आमच्या मागण्या अशा.

रात्रीचं स्वयंपाकघर बारा ते चार एवढ्याच वेळात चालवा. दिवसासारखे पाच पदार्थ नकोत. पेज, एक भाजी, तोंडी लावायला काहीतरी आणि चहा, एवढं पुरे. चपात्या बंद केल्यात तरी आमची हरकत नाही. चपात्या गेल्या की रात्रीचा मदतनीसही लागत नाही, ताटं आम्ही आपली आपण धुऊ. मायक्रोवेव्ह आणलेच असतील तर घरून डबा आणणाऱ्यांसाठी ठेवा, त्यांची सोय होईल.

कॅन्टीन समितीची बैठक एक तारखेच्या आत बोलवा आणि तिच्यात रात्रपाळीचे किमान दोन प्रतिनिधी घ्या. बैठक सकाळी सव्वासहाला ठेवलीत तर आम्ही पाळी संपवून थेट येऊ. दुपारी तीनला ठेवलीत तर ती आमची मध्यरात्र असते, तरीही येऊ.

मामांच्या कामाबद्दल जे काही ठरेल ते त्यांना लेखी द्या, कंत्राटदारामार्फत नव्हे, कंत्राटदारासमोर.

आणि फलकावरच्या कागदातून ‘गप्पांत होणारा वेळेचा अपव्यय’ ही ओळ काढा. बाकी निर्णय काहीही झाला तरी ही एक ओळ काढाच. मामा तो कागद रोज येता-जाता वाचतात. परवा रात्री मी आईचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी खिडकीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि “जेव आधी,” एवढंच म्हणाले. पूर्वी ते असं कधी म्हणाले नव्हते.

उत्तर महिनाअखेरीपर्यंत मिळावं, ही विनंती. कोठारात उकड्या तांदळाचं एकच पोतं उरलं आहे. नवं सांगायचं की नाही, असं मामांनी कंत्राटदाराला दोनदा विचारलं आहे आणि त्यालाही ते माहीत नाही.

आपला विश्वासू,
रात्रपाळीचा एक कामगार,
कॉम्प्रेशन विभाग, कुंडई